छेदिका बदलली की थांबायचं

‘आकृतीत रेषा l || रेषा m. दिलेल्या मापांवरून x ची किंमत काढा.’ आठवी-नववीच्या भूमितीत हा प्रश्न ठरलेला असतो. खाली चार-पाच रेषांची आकृती, दोन कोनांची मापं लिहिलेली आणि तिसऱ्या कोनात x. बेरीज-वजाबाकी तिसरीतल्या मुलालाही जमेल इतकी सोपी. तरीही मुलं इथे अडतात आणि त्यांना शिकवायला बसलेले आई-बाबाही अडतात. संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन ही नावं दोघांनाही पाठ असतात. पण आकृतीतल्या नेमक्या कोणत्या तीन रेषा धरायच्या, हे कुणी सांगितलेलं नसतं. खरी गोम तिथेच आहे.

आधी एकाच छेदिकेची आकृती घेऊ. वर l, खाली m, दोन्ही आडव्या आणि समांतर. त्यांना तिरकी छेदणारी रेषा p. तिलाच छेदिका म्हणायचं. वरच्या छेदनबिंदूपाशी चार कोन होतात, खालच्या बिंदूपाशी चार, एकूण आठ. गंमत म्हणजे आठ कोनांत मापं दोनच असतात. छेदिका 62° ने कललेली असेल तर चार कोन 62° चे आणि उरलेले चार 118° चे. तिसरं माप येऊच शकत नाही. छेदिका लंब असली तर आठही कोन 90° चे.

याचं कारण सोपं आहे. m ही रेषा l शी समांतर आहे, म्हणजे दोघींची दिशा एकच. वरची फुली जशीच्या तशी p वरून घसरवत खाली आणली तर ती खालच्या फुलीवर तंतोतंत बसते. वरच्या फुलीतला ‘वर-उजवीकडचा’ कोन खालच्या फुलीतल्या ‘वर-उजवीकडच्या’ कोनावर येतो. या जोडीलाच पुस्तक संगत कोन म्हणतं. बाकीचे नियम याच्यातूनच निघतात. कोन एकदा दुसऱ्या फुलीत आणून ठेवला की पुढे त्या एका बिंदूपाशी दोनच गोष्टी पाहायच्या. समोरासमोरचे असतील तर ते विरुद्ध कोन, म्हणून समान. शेजारी-शेजारी असतील तर रेषीय जोडी, म्हणून बेरीज 180°. व्युत्क्रम कोन समान का असतात? संगत कोनाचा विरुद्ध कोन घेतला म्हणून. छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज 180° का? संगत कोनाचा शेजारी घेतला म्हणून.

गणितात मापाऐवजी पदावली दिलेली असली की ही रीत फार उपयोगी पडते. समजा एक कोन (2x + 15)° आहे आणि दुसरा (3x − 10)°. ‘समांतर रेषा आहेत ना, मग समान’ असं म्हणून मुलं 2x + 15 = 3x − 10 मांडतात. x = 25 येतं, दोन्ही कोन 65° निघतात आणि सगळं ठीक दिसतं. पण बेरीज 180° धरली तर 5x + 5 = 180, म्हणून x = 35 आणि कोन 85° व 95°. हे उत्तरही तितकंच ठीक दिसतं. दोन्ही वाटांनी पूर्णांकच येतो, त्यामुळे आकडेमोड बघून चूक सापडणार नाही. निर्णय आकृतीतल्या जागेवरूनच करायचा. पहिला कोन वरच्या फुलीत खाली-उजवीकडे आहे आणि दुसरा खालच्या फुलीत वर-उजवीकडे. दुसऱ्याला वरच्या फुलीत नेऊन ठेवा. तो तिथेही वर-उजवीकडेच बसेल, म्हणजे पहिल्या कोनाचा शेजारी होईल. शेजारी आहेत म्हणून बेरीज 180°, म्हणून x = 35. इथे कोन डोळ्यांना मोठा दिसतो की लहान, याला काही अर्थ नाही. पाठ्यपुस्तकातली आकृती प्रमाणात काढलेली असेलच असं नाही, त्यामुळे कोनमापक लावून उत्तर काढण्यातही हशील नाही.

आता आकृतीत दुसरी छेदिका आणू. पुढचं वाचताना हाताशी कागद-पेन्सिल असलेली बरी.

वर l आणि खाली m अशा दोन समांतर आडव्या रेषा काढा. छेदिका p डावीकडून उजवीकडे चढत जाते. ती l ला A मध्ये आणि m ला B मध्ये छेदते. दुसरी छेदिका q उलट्या बाजूने कललेली आहे, डावीकडून उजवीकडे उतरणारी. ती l ला C मध्ये आणि m ला D मध्ये छेदते. C हा A च्या उजवीकडे आहे. p आणि q वर वाढवल्या की l च्या वरच्या बाजूला E या बिंदूत भेटतात. म्हणजे E च्या खाली तंबूसारखा एक त्रिकोण तयार झाला, आणि l ही त्याच्या मधून आडवी गेली. B पाशी p च्या डावीकडे, m च्या वर असलेला कोन 118° दिला आहे. C पाशी q च्या उजवीकडे, l च्या खाली असलेला कोन 47° दिला आहे. E पाशी p आणि q यांच्यामधला कोन, म्हणजे ∠AEC, किती?

या आकृतीत चार रेषा आहेत, पण समांतर रेषांचा नियम तीनच रेषांना लागतो. दोन समांतर आणि त्यांना छेदणारी एक. म्हणून चौथी रेषा बोटाने किंवा पट्टीने झाकायची. आधी q झाका. उरल्या l, m आणि p. B पाशी 118° चा कोन वर-डावीकडे आहे. त्याचा शेजारी, वर-उजवीकडचा ∠ABD, रेषीय जोडीने 180 − 118 = 62° चा. आता तो p वरून घसरवत A पाशी न्या. तिथला वर-उजवीकडचा कोन म्हणजे ∠EAC. संगत कोन, म्हणून तोही 62°.

आता p झाका आणि q उघडी करा. C पाशी 47° चा कोन खाली-उजवीकडे आहे. त्याच्या समोरचा, वर-डावीकडचा कोन म्हणजे ∠ECA. विरुद्ध कोन, म्हणून 47°. इथे समांतर रेषा लागल्याच नाहीत.

आता दोन्ही रेषा उघड्या करा. त्रिकोण AEC मध्ये दोन कोन हाती आले, 62° आणि 47°. तिसरा 180 − 62 − 47 = 71°. म्हणून ∠AEC = 71°.

पडताळा घ्यायचा तर दुसऱ्या वाटेने त्याच बिंदूला पोचायचं. या वेळी l वरचा लहान त्रिकोण सोडून m वरचा मोठा त्रिकोण EBD घ्या. B पाशी 62° आहेच. C पाशी खाली-उजवीकडे असलेला 47° चा कोन आणि D पाशी वर-डावीकडे असलेला ∠CDB हे q या छेदिकेचे आंतरव्युत्क्रम कोन आहेत, म्हणून ∠CDB = 47°. पुन्हा 180 − 62 − 47 = 71°. दोन वाटांनी एकच उत्तर आलं म्हणजे निदान जागा ओळखण्यात घोटाळा झालेला नाही.

आता हमखास होणारी चूक पाहू. B पाशी वर-डावीकडे 118° आहे. D हाही m वरचाच बिंदू, तिथेही वर-डावीकडे एक कोन आहे. जागा सारखीच दिसते, म्हणून पुष्कळ मुलं ‘संगत कोन’ असं कारण देऊन D पाशीही 118° लिहून मोकळी होतात. काय झालं? B कडून D कडे जाताना मूल m वरून चाललं. म्हणजे त्याने m ला छेदिका मानलं आणि p व q ना समांतर मानलं. p || q असं कुठेही दिलेलं नाही. पक्षात फक्त l || m आहे. आपल्या आकृतीत p आणि q उघड उघड एकमेकींकडे झुकलेल्या आहेत, पण पुस्तकातल्या आकृतीत त्या जवळपास सारख्या कललेल्या असल्या तर डोळा सहज फसतो.

ही चूक पकडायचा उपाय आकृतीतच आहे. D पाशी वर-डावीकडे 118° धरला तर q वरून C पाशी गेल्यावर तिथलाही वर-डावीकडचा कोन संगत म्हणून 118° आला पाहिजे. पण त्याच कोनासमोर 47° दिलेला आहे, म्हणून तो विरुद्ध कोनाच्या नियमाने 47° चा आहे. एकाच कोनाची दोन मापं झाली. कुठलाही कोन दोन वाटांनी काढून वेगवेगळा आला की समजावं, मधे कुठेतरी समांतर नसलेल्या रेषा समांतर धरल्या गेल्या आहेत.

तेव्हा नियम असा. कोनाचं माप एका समांतर रेषेवरून दुसरीवर न्यायचं तर ते एकाच छेदिकेवरून. p वरचा 62° हा p वरच राहतो. q वर जायचं तर मधे गाडी बदलावी लागते, आणि ती बदलायचं ठिकाण म्हणजे p आणि q भेटतात तो बिंदू E. वरच्या गणितात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज आपण का वापरली, त्याचं उत्तर हेच. समांतर रेषांनी p वरचा कोन दिला, q वरचा कोन दिला, पण p आणि q यांच्यामधल्या कोनाबद्दल त्या गप्प राहिल्या. तो त्रिकोणाने दिला.

पण त्रिकोणाला तरी 180° कुठून मिळाले? E मधून l ला समांतर अशी एक नवी रेषा काढून पाहा. आता p ही l आणि या नव्या रेषेची छेदिका झाली. ∠EAC = 62° आहे, म्हणून E पाशी p च्या डावीकडे, नव्या रेषेच्या खाली, व्युत्क्रम कोन 62° चा. तसंच q च्या उजवीकडे 47° चा. या दोघांच्या मधे ∠AEC. तिन्ही मिळून नव्या रेषेखाली एक सरळ कोन होतो, म्हणजे 62 + ∠AEC + 47 = 180. उत्तर पुन्हा 71°. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज म्हणून आपण जी वेगळी पाठ केली होती, ती समांतर रेषांचीच करामत निघाली.

ही कोपऱ्यातून काढलेली तिसरी समांतर रेषा भूमितीत ‘रचना’ या नावाखाली येते, आणि एका प्रकारच्या गणितात तिच्यावाचून सहसा चालत नाही. छेदिका सरळ न जाता दोन समांतर रेषांच्या मधेच वळलेली असते, तो हा प्रकार. वरच्या रेषेवर P, खालच्या रेषेवर R आणि मधे कुठेतरी Q. P पासून Q पर्यंत एक रेषाखंड, Q पासून R पर्यंत दुसरा. दोघांची दिशा वेगळी, म्हणजे ही एक छेदिका नव्हे, दोन अर्धवट छेदिका आहेत. त्यामुळे P पाशी दिलेलं माप थेट R पाशी नेता येत नाही.

आधी Q उजवीकडे आहे असं घ्या. आकृती > अशी दिसेल. P पाशी उजवीकडच्या रेषेशी 35° चा कोन आहे, R पाशी उजवीकडच्या रेषेशी 50° चा. Q पाशी डावीकडे उघडणारा कोन किती? Q मधून दोघींना समांतर रेषा काढा. ती Q पाशीच्या कोनाचे दोन तुकडे करते. वरचा तुकडा P पाशीच्या कोनाशी व्युत्क्रम, म्हणून 35°. खालचा R पाशीच्या कोनाशी व्युत्क्रम, म्हणून 50°. एकूण 85°.

एवढं झालं की मुलं मनाशी सूत्र बांधतात, ‘मधला कोन म्हणजे दोघांची बेरीज’. पुढच्या गणितात Q डावीकडे असतो, आकृती < अशी होते. P पाशी उजवीकडच्या रेषेशी 130°, R पाशी 120°. सूत्राने 250° येतात. Q पाशी उजवीकडे उघडणारा कोन तर 180° हून लहानच असणार. इथेही Q मधून समांतर रेषा काढा, या वेळी उजवीकडे. वरचा तुकडा आणि P पाशीचा 130° चा कोन हे छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन झाले, म्हणून तुकडा 50°. खालचा 180 − 120 = 60°. एकूण 110°. रचना तीच, पण तुकड्यांचं P आणि R शी असलेलं नातं बदललं. म्हणून सूत्र पाठ करण्यात फायदा नाही, रेषा काढून तुकडे बघावेत.

पाठ्यपुस्तकात आणखी एक जोडी आहे, जिच्यात गल्लत होते. समांतर रेषांचे गुणधर्म आणि समांतर रेषांच्या कसोट्या. ‘रेषा समांतर आहेत, म्हणून संगत कोन समान’ हा गुणधर्म. ‘संगत कोन समान आहेत, म्हणून रेषा समांतर’ ही कसोटी. वाक्यं एकमेकांची उलटी आहेत. अज्ञात कोन काढताना गुणधर्म लागतो, कारण समांतरपणा आधी दिलेला असतो. कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून सरकवत आपण एकाखाली एक रेषा ओढतो, तेव्हा मात्र कसोटी वापरत असतो. पट्टी ही छेदिका, गुण्याचा न बदलणारा कोपरा हा संगत कोन, म्हणून ओढलेल्या रेषा समांतर. पट्टी मधेच हलली तर छेदिकाच बदलली, आणि रेषांच्या समांतर असण्याची खात्री गेली.

या दोन वाक्यांत फरक करणारा माणूस इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराचा आहे. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात कसोट्या 27 आणि 28 व्या विधानांत येतात आणि गुणधर्म 29 व्या विधानात. पहिल्या दोन त्याने आधीच्याच पायावर सिद्ध केल्या. 29 व्याला मात्र तो प्रथमच आपलं पाचवं गृहीतक वापरतो. छेदिकेच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर त्या दोन रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला भेटतात, असं ते गृहीतक. आपल्या तंबूच्या आकृतीत हे लगेच दिसतं. p आणि q यांना l ने छेदलं आहे आणि l च्या वर 62 + 47 = 109°, म्हणजे 180° हून कमी. म्हणून त्या वरच्या बाजूला E मध्ये भेटल्या. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज हे त्याच भागातलं 32 वं विधान, तेही 29 व्याच्याच खांद्यावर उभं.

हे गृहीतक बाकीच्या गृहीतकांवरून सिद्ध करायचा प्रयत्न पुढे दोन हजार वर्षं चालला. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी ते न मानताही सुसंगत भूमिती उभी राहते हे दाखवलं, आणि ते सिद्ध होणारं नव्हतंच, हे हळूहळू स्पष्ट झालं. सपाट कागद सोडला तर काय होतं, ते पृथ्वीच्या गोलावर बघता येतं. मुंबई सुमारे 73° पूर्व रेखांशावर आहे, नागपूर सुमारे 79° वर. ही दोन्ही रेखावृत्तं विषुववृत्ताला काटकोनात छेदतात. आंतरकोनांची बेरीज 90 + 90 = 180°. कागदावर अशा रेषा समांतर राहिल्या असत्या. गोलावर त्या उत्तर ध्रुवावर भेटतात आणि तिथे 6° चा कोन करतात. त्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 186° होते.

म्हणून उत्तराच्या पहिल्या ओळीत ‘रेषा l || रेषा m …(पक्ष)’ लिहिणं ही शिक्षकांची हौस नव्हे. पुढची प्रत्येक बरोबरी त्याच ओळीवर टेकलेली असते. त्यानंतरच्या प्रत्येक पायरीत नुसतं ‘संगत कोन’ असं कारण न देता ‘l || m आणि छेदिका p, संगत कोन’ असं लिहावं. छेदिकेचं नाव लिहायला थांबलं की ती रेषा खरोखर दोन्ही समांतर रेषांना छेदते का, हे बघावंच लागतं. B वरून D वर उडी मारणाऱ्या मुलाला छेदिका म्हणून m लिहावी लागली असती. मग कोणत्या दोन रेषा समांतर, तर p आणि q. पक्षात ते नाही, हे त्याचं त्यालाच तिथे दिसलं असतं.